खातं कुलूपबंद, मदत सातासमुद्रापार

कोल्हापुरातल्या एका गृहिणीचं उदाहरण घेऊ. त्या क्रोशाच्या विणकामाचे नमुने तयार करतात, त्यांची पीडीएफ बनवतात आणि अमेरिकेतल्या एका विक्री-संकेतस्थळावर विकायला ठेवतात. गिऱ्हाईक कॅनडातलं असो वा ऑस्ट्रेलियातलं, पैसे डॉलरमध्ये जमा होतात. एका सोमवारी सकाळी ८ वाजून ४० मिनिटांनी त्यांनी घरून लॉगिन करून नवी ऑर्डर पाहिली. त्यांचा मुलगा दुबईत नोकरी करतो. आईच्या दुकानातले फोटो नीट लावून द्यावेत म्हणून त्यानेही आपल्या लॅपटॉपवरून त्याच खात्यात लॉगिन केलं. तेव्हा दुबईत सकाळचे साडेसात वाजले होते, म्हणजे आपल्याकडे नऊ. पुढच्याच मिनिटाला दोघांच्याही पडद्यावर हे झळकलं:

```
Your account has been temporarily locked
We noticed unusual sign-in activity.
Verify your identity to regain access.
Ref: LK-8O01-7726
2025-04-07 03:31 UTC
```

संगणकाच्या हिशेबाने एकच व्यक्ती वीस मिनिटांत कोल्हापूरहून दुबईला पोचली होती. असं कुणाला जमत नाही. त्यामुळे खरी मालकीण एका ठिकाणी आणि चोर दुसऱ्या ठिकाणी, असं समजून यंत्रणेने खातं आपोआप बंद केलं. यात कुणा माणसाने ठरवून काही केलेलं नाही. मात्र ‘ओळख पटवा’ या बटणाने काम भागलं नाही, तर पुढचा निर्णय माणसाच्या हाती जातो. तो माणूस बहुधा कॅलिफोर्नियात किंवा कंपनीने आणखी कुठे नेमलेल्या मदत-केंद्रात बसलेला असतो. त्याला आपण दिसत नाही, आपला पडदा दिसत नाही आणि आपलं बोलणंही ऐकू येत नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त आपला मजकूर आणि सोबत जोडलेला स्क्रीनशॉट.

इथे घड्याळ मांडून बसावं लागतं. कोल्हापुरात सोमवारी सकाळचे नऊ वाजले, तेव्हा कॅलिफोर्नियात रविवारी रात्रीचे साडेआठ झालेले असतात. तिथलं कार्यालय सोमवारी सकाळी नऊला उघडेल, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतील. म्हणजे सकाळी पाठवलेला मजकूर कुणी वाचायच्या आत साडेबारा तास उलटतात. त्यातून तिकडच्या माणसाने ‘खातं कोणत्या ईमेलवर आहे?’ एवढंच विचारलं, तर आपलं उत्तर बहुधा मंगळवारी सकाळी जाणार आणि ते मंगळवारी रात्री वाचलं जाणार. प्रत्येक राहून गेलेल्या माहितीची किंमत साधारण एक दिवस. पहिल्या मजकुरात काय असावं, काय नसावं, हे सगळं या एका हिशेबावरून ठरतं.

आधी इशारा खरा आहे का ते पाहा

लिहायला बसण्यापूर्वी इशारा कुठे दिसला ते आठवावं. आपण स्वतः पत्ता टाइप करून किंवा मूळ अॅप उघडून लॉगिन केलं आणि त्यानंतर तो दिसला असेल, तर तो बहुधा खरा. ईमेलमधल्या किंवा एसएमएसमधल्या दुव्यावर बोट ठेवल्यावर दिसला असेल, तर थांबावं. अशा वेळी पत्त्याची पट्टी उजवीकडून डावीकडे वाचायची सवय लावून घ्यावी. पत्ता `https://` ने सुरू होतो आणि त्यानंतरची पहिली तिरपी रेघ येईपर्यंत जो मजकूर आहे, त्याच्या शेवटच्या दोन-तीन तुकड्यांवरून मालक कोण ते कळतं. समजा पत्ता असा आहे:

```
https://shop.example.com.verify-login.net/unlock
```

यात ओळखीचं नाव आधी येतं म्हणून विश्वास बसतो. प्रत्यक्षात ही जागा `verify-login.net` या मालकाची आहे. ओळखीचं नाव पुढे टांगलेलं आहे, इतकंच.

दुसरा सापळा शोधयंत्रात असतो. घाबरलेला माणूस कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असं शोधतो आणि वरच येणाऱ्या भारतीय मोबाइल क्रमांकाला फोन लावतो. पलीकडचा गोड बोलतो, ‘स्क्रीन शेअर’ करणारं अॅप टाकायला सांगतो आणि पुढचं सांगायला नको. परदेशी कंपन्या खात्याच्या कुलपासाठी बहुतेक वेळा फोन घेतच नाहीत. त्यांचा मदत-अर्ज त्यांच्याच संकेतस्थळावर असतो आणि लॉगिन न करताही तो भरता येतो. फसवणूक होऊन पैसे गेलेच असतील, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावं. परदेशी कंपनीला लिहिणं हे त्यानंतरचं काम.

स्क्रीनशॉट काय दाखवतो, काय दाखवू नये

स्क्रीनशॉट हा पुरावा आहे. त्यात इशाऱ्याचं पूर्ण वाक्य, संदर्भ क्रमांक, पत्त्याची पट्टी आणि जमल्यास वेळ दिसायला हवी. म्हणून फक्त मधली चौकट न कापता पूर्ण पडदा टिपावा. विंडोजवर `Windows + Shift + S`, बहुतेक अँड्रॉइड फोनवर पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबलं की काम होतं. काही अॅप सुरक्षेसाठी स्क्रीनशॉट घेऊच देत नाहीत. मग दुसऱ्या फोनने पडद्याचा सरळ, स्वच्छ फोटो काढावा आणि मजकुरात तसं सांगावं.

आपल्याकडे हमखास होणारी गडबड पुढे होते. फोनवरचा स्क्रीनशॉट लॅपटॉपवर आणायला आपण तो स्वतःलाच व्हॉट्सअॅप करतो. व्हॉट्सअॅप चित्र दाबून लहान करतं आणि बारीक अक्षरं धुरकट होतात. संदर्भ क्रमांकातला शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांतला फरक मग उरत नाही. वरच्या क्रमांकात `8O01` आहे. आठनंतर अक्षर आहे, त्यानंतर आकडा. एक चूक झाली की पलीकडे ‘असा क्रमांक सापडत नाही’ असं उत्तर तयार. त्यामुळे चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं किंवा थेट ईमेलला जोडावं. शिवाय संदर्भ क्रमांक आणि इशाऱ्याचं मुख्य वाक्य मजकुरात अक्षरांनी लिहावंच. तिकडचा माणूस क्रमांक निवडून आपल्या यंत्रात चिकटवतो आणि शोधतो. चित्रातला क्रमांक त्याला डोळ्यांनी वाचून हाताने टाइप करावा लागतो. काही ठिकाणी जोडलेली चित्रं वेगळ्या पानावर उघडावी लागतात, काही ठिकाणी ती गाळलीही जातात. चित्र उघडलंच नाही तरी काम अडू नये, इतका मजकूर स्वयंपूर्ण असावा.

आता झाकायचं काय? ओटीपी, पासवर्ड परत मिळवायचे कोड, कार्डाचे शेवटचे चार सोडून बाकीचे आकडे, बँक खात्याचा क्रमांक, मागे उघड्या राहिलेल्या दुसऱ्या खिडक्या आणि वर डोकावणारे खासगी संदेश. झाकताना फोनमधला ‘हायलाइटर’ किंवा पातळ पेन वापरू नये. त्याचा रंग काळा दिसला तरी थोडा पारदर्शक असतो आणि चित्राचा उजेड वाढवला की खालचे आकडे वर येतात. पूर्ण भरीव काळी चौकट टाकावी. कापून टाकलेला भागही दर वेळी गेलेला असतोच असं नाही. मार्च २०२३ मध्ये उघड झालेल्या ‘अॅक्रोपॅलिप्स’ नावाच्या त्रुटीमुळे गुगलच्या पिक्सेल फोनवर कापलेल्या चित्रांचा काढून टाकलेला भाग फाइलमध्येच शिल्लक राहत होता आणि तो परत मिळवता येत होता. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष सापडला. दोन्ही पुढे दुरुस्त झाले; तरी जुन्या फोनवर सावध राहिलेलं बरं. संवेदनशील काही असेल, तर कापण्याऐवजी ते पडद्यावरूनच हटवून नवा स्क्रीनशॉट घेणं सगळ्यांत सुरक्षित.

इशाऱ्यातला शब्द पाहून मागणी ठरवा

सगळी कुलपं एका जातीची नसतात. इशाऱ्यात `temporarily locked` असेल, तर शंका खात्यात कोण शिरलं याची आहे. मालकाची ओळख पटली की खातं उघडतं. `limited` किंवा `restricted` असेल, तर लॉगिन चालतं, पण पैसे काढणं किंवा नवी वस्तू ठेवणं अडवलेलं असतं आणि बहुतेक वेळा कागदपत्रं हवी असतात. `suspended` किंवा `disabled` असेल, तर नियमभंगाचा ठपका आहे. तिथे ओळख पटवून भागत नाही, निर्णयाचा फेरविचार मागावा लागतो.

या फरकाला महत्त्व आहे, कारण आलेले अर्ज विषयाप्रमाणे वेगवेगळ्या रांगांत जातात. लॉगिनची रांग एका गटाकडे, नियमभंगाची दुसऱ्याकडे. अर्जातल्या यादीत चुकीचा विषय निवडला, तर आपलं प्रकरण आधी चुकीच्या टेबलावर पडतं आणि तिथून योग्य टेबलावर सरकवण्यात आणखी दिवस जातात. पहिला वाचणारा माणूस अनेकदा स्वतः कुलूप काढूच शकत नाही. तो माहिती पुरेशी आहे का ते तपासतो आणि सुरक्षा विभागाकडे पाठवतो. त्याचं काम सोपं करणं, हीच इथली खरी सभ्यता.

मजकूर

कोल्हापूरच्या बाईंचा पहिला खर्डा आपल्या अर्जांच्या वळणाचा होता. ‘मी अनेक वर्षांपासून आपली प्रामाणिक ग्राहक आहे’ इथून सुरुवात, मग घरच्या अडचणी, मग ‘कृपया योग्य ती कार्यवाही करावी’. मनातलं सगळं त्यात होतं; खात्याचा ईमेल मात्र नव्हता. ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे नेमकं काय, हेही वाचणाऱ्याने ठरवायचं होतं. दुसऱ्या खर्ड्यात त्यांनी विषयाच्या ओळीत हे लिहिलं:

```
Account temporarily locked - Ref LK-8O01-7726
```

आणि खालचा मजकूर साध्या, तुटक इंग्रजीत केला. त्याचा मराठी आशय असा:

‘नमस्कार. माझं विक्रेत्याचं खातं तात्पुरतं बंद झालं आहे. ते पुन्हा उघडण्यासाठी मला आपली मदत हवी आहे. हा मजकूर मी खात्यात नोंदवलेल्या ईमेलवरूनच पाठवत आहे. दुकानाचं नाव आणि संदर्भ क्रमांक खाली दिले आहेत. ७ एप्रिल २०२५ रोजी ०३:१० यूटीसीला मी कोल्हापूर, भारत येथून लॉगिन केलं. ०३:३० यूटीसीला माझ्या मुलाने माझ्या परवानगीने दुबईहून लॉगिन केलं. ही दोन्ही लॉगिन आमचीच आहेत. ०३:३१ ला सोबतच्या स्क्रीनशॉटमधला इशारा आला. ‘ओळख पटवा’ हे बटण दाबल्यावर कोड जुन्या मोबाइल क्रमांकावर जातो. तो क्रमांक आता माझ्याकडे नाही. ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग कृपया कळवावा. यापुढे माझ्याशिवाय कुणी या खात्यात लॉगिन करणार नाही. आपल्या वेळेबद्दल आभारी आहे.’

यातलं प्रत्येक वाक्य एका संभाव्य प्रश्नाचं उत्तर आहे. ‘नोंदवलेल्या ईमेलवरूनच’ हे आधी, कारण दुसऱ्या पत्त्यावरून लिहिलं, तर सुरक्षेपायी ते खात्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. वेळ यूटीसीत दिली, कारण त्यांच्या नोंदी त्याच वेळेत असतात. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा केले की झालं. महिना अक्षरात लिहिला, कारण ०७/०४ ही तारीख आपण सात एप्रिल वाचतो आणि अमेरिकेतला माणूस चार जुलै. बटण दाबून पाहिलं आणि ते कुठे अडलं हे सांगितलं. नाहीतर पहिलं उत्तर ‘आधी ते बटण दाबून पाहा’ असं तयार साच्यातलं आलं असतं. मागणी एकच आणि नेमकी ठेवली.

मुलाबद्दल लिहावं की नाही, यावर घरात वाद झाला. अनेक संकेतस्थळांच्या नियमांत दुसऱ्याला आपलं खातं वापरू देणं मना असतं. मग कबूल करून अडचण वाढणार नाही का? पण दुबईच्या लॉगिनची नोंद त्यांच्यासमोर आहेच. ‘ते आम्ही केलं नाही’ असं लिहिलं असतं, तर पासवर्ड चोरीला गेला असाच अर्थ निघाला असता आणि कुलूप आणखी घट्ट झालं असतं. आधी नियमांचं पान वाचावं, घडलं ते एका वाक्यात सांगावं आणि पुढे तसं होणार नाही हे दुसऱ्या वाक्यात. लांबलचक सफाई नको. व्हीपीएन वापरलं असेल, तर तेही असंच सांगावं.

वाक्यं छोटी ठेवण्याला आणखी एक कारण आहे. वाचणाऱ्याची मातृभाषाही इंग्रजी असेलच असं नाही आणि मजकूर भाषांतराच्या यंत्रातून जाण्याची शक्यता असते. लांब, जोडलेलं वाक्य अशा प्रवासात मोडतं. ठळक अक्षरं, उद्गारचिन्हांची माळ, कोर्टात खेचण्याची धमकी यांनी प्रकरण लवकर सुटत नाही. काही ठिकाणी कायद्याची भाषा दिसली की ते थेट विधी विभागाकडे जातं आणि साध्या कुलपाचं काम तिथेच पडून राहतं.

कागदपत्रं मागितली तर

उत्तर आलं आणि त्यात ओळखपत्र मागितलं, की मराठी माणसासाठी एक खास अडचण उभी राहते: नाव. खात्यावर स्वतःचं नाव आणि आडनाव, पॅन कार्डावर मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, बँकेत आद्याक्षर आणि लग्नाआधीच्या प्रमाणपत्रावर वेगळंच आडनाव. तिकडच्या यंत्रणेला ही तीन-चार वेगवेगळी माणसं वाटू शकतात. त्यामुळे कागद पाठवतानाच एक वाक्य जोडावं: मधलं नाव हे माझ्या पतीचं नाव आहे, आमच्याकडे ते असं लिहितात, दोन्ही नावं माझीच आहेत. आडनाव बदललं असेल, तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र सोबत द्यावं.

पासपोर्ट असेल, तर तोच द्यावा. त्याच्या खालच्या दोन ओळी जगभरच्या यंत्रांना वाचता येतात आणि नाव-आडनाव वेगळं छापलेलं असतं. आधारची पूर्ण प्रत परदेशी कंपनीला देण्याची सहसा गरज पडत नाही. द्यावीच लागली, तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घ्यावं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रतीवर ‘फक्त या खात्याच्या पडताळणीसाठी’ असं तारखेसह आडवं लिहावं. मात्र ते नाव, फोटो किंवा क्रमांकावर येऊ देऊ नये, नाहीतर प्रत नाकारली जाते. कागद ईमेलला जोडण्यापेक्षा कंपनीने आपल्या संकेतस्थळावर दिलेल्या सुरक्षित दुव्यावर चढवावेत. पासवर्ड किंवा ओटीपी मात्र खरा मदतनीस कधीच मागत नाही. ती मागणी आली की समजावं, पलीकडे कुणी दुसराच आहे.

वाट पाहताना

मजकूर गेल्यावर मिनिटभरात एक स्वयंचलित पोच येते, तीत तक्रारीचा क्रमांक असतो. तो जपावा आणि पुढचं सगळं त्याच ईमेलला उत्तर देऊन लिहावं. दर काही तासांनी नवा अर्ज भरला, तर प्रकरणाचे तुकडे होतात आणि ते एकत्र करायला वेगळा वेळ जातो. काही यंत्रणांत रांग शेवटच्या संदेशाच्या वेळेवर लागते. तिथे ‘काही झालं का?’ असं रोज विचारणारा स्वतःच मागे जातो. पोचपावतीत दिलेली मुदत संपली की मगच, जुना क्रमांक देऊन, दोन ओळींत आठवण करावी. स्पॅमचा कप्पा रोज पाहावा, कारण त्यांच्या प्रश्नाला आपलं उत्तर ठरावीक दिवसांत गेलं नाही तर प्रकरण आपोआप बंद होतं.

आणि उत्तर नकारार्थी आलं तर? कारण कोणतं दिलं आहे ते पाहावं आणि फेरविचाराच्या अर्जात फक्त त्याच कारणाला उत्तर द्यावं. सुरक्षेच्या नेमक्या कसोट्या ते उघड करत नाहीत. तो आग्रह धरून उपयोग नाही. समाजमाध्यमांसारखी भारतात वापरली जाणारी सेवा असेल, तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तिला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा पत्ता संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याच्या निर्णयावर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. भारतात पाऊलही न ठेवलेल्या छोट्या परदेशी कंपनीपुढे मात्र हा मार्ग फारसा चालत नाही. तिथे आपला पत्रव्यवहार हेच साधन.

खातं उघडलं की त्याच दिवशी तीन कामं करावीत. जुना मोबाइल क्रमांक काढून चालू क्रमांक +९१ लावून नोंदवावा, खातं परत मिळवायचे कोड कागदावर उतरवून घरात ठेवावेत आणि दुकानात दुसऱ्याची मदत लागत असेल, तर संकेतस्थळाने सोय दिली असल्यास त्याला स्वतंत्र सहायक म्हणून जोडावं. मग मुलगा दुबईहून आपल्या नावाने लॉगिन करेल, आई कोल्हापूरहून आपल्या नावाने, आणि यंत्रणेला ती दोन माणसं आहेत हे पहिल्यापासून माहीत असेल.